कोणाला खरचटलंसुद्धा नाही

कॉलेजात तिला सगळे मजकूरबाई म्हणत. हजेरीच्या वहीत ती ‘ग्रंथालय सहायक, कंत्राटी’ अशी होती. म्हणजे पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवायचे, परत आलेली पुस्तकं फडताळात लावायची, पोरांनी पानं फाडली तर त्यांच्यावर ओरडायचं, आणि वर्ष संपलं की कंत्राट पुढे चालू होतंय का हे विचारायला ऑफिसच्या दाराशी ताटकळायचं. सतरा वर्षं ती अशी ताटकळत आली होती. कायम करतो, कायम करतो म्हणणारे दोन प्राचार्य रिटायर होऊन घरी गेले, आणि ही आहे तिथेच.

मजकूरबाई हे नाव तिला पडलं त्याला आठ वर्षं झाली. त्या वर्षी महोत्सव संपल्यावर पोरांनी सोशल मीडियावरच्या कॉलेजच्या पानावर आभाराची पोस्ट टाकली आणि मुख्य प्रायोजकाचंच नाव विसरले. वरच्या ओळीत सगळी ‘धमाल’ आणि ‘कल्ला’, आणि ज्याच्या जिवावर मंच उभा राहिला तो गायब. सांस्कृतिकचे सर घामाघूम होऊन ग्रंथालयात आले, कुठलं तरी पुस्तक शोधायचं निमित्त करून तिच्या टेबलापाशी बसले, आणि म्हणाले, “बाई, तुमचं मराठी चांगलं आहे. हे जरा नीट करून द्या हो.” तिने दहा मिनिटांत नीट करून दिलं. झालं. एकदा गोड बोलून गळ्यात पडलेलं काम पुन्हा कधी उतरत नाही. तेव्हापासून महोत्सवाचा समारोपाचा मजकूर तिचा. त्याचे पैसे नाहीत, कागदोपत्री उल्लेख नाही, फक्त कौतुक. आणि खरं सांगायचं तर तिला ते कौतुक आवडत होतं. खोटं कशाला बोला.

आता तुम्हाला वाटेल, चार ओळींचे आभार, त्यात काय एवढं? तर ऐका. त्या चार ओळींना बारा जणांच्या मागण्या असतात. मुख्य प्रायोजक होते टाइल्सवाले. त्यांचं नाव पहिल्या दोन ओळींतच आलं पाहिजे, कारण फोनवर त्यापुढचा मजकूर ‘आणखी’ या शब्दामागे लपतो आणि तो उघडून वाचणारे शंभरात पाच. मग सहप्रायोजक, म्हणजे शिकवणीचे क्लासवाले आणि मोबाइलचं दुकान, करारात ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने. मग ज्यांनी वस्तू किंवा सेवा दिली ते ‘पार्टनर’. सगळ्यांची पानं जोडायची, एखाद्या नावाचं अक्षर इकडचं तिकडे झालं तर ती जोडणी भलत्याच माणसाला जाऊन चिकटते. दहा फोटो, त्यातल्या पहिल्यात टाइल्सवाल्यांची पाटी पूर्ण दिसली पाहिजे, कोणाच्या डोक्याने झाकलेली चालत नाही. शेवटी पुढच्या वर्षीचं आमंत्रण, तारखांसकट, कारण तेच दाखवून सर पुढच्या वर्षीचे प्रायोजक धरायचे. आणि सात दिवसांनी, किती लोकांनी पाहिलं, किती जणांना आवडलं, त्याचा अहवाल सगळ्यांना.

यातलं खरं घोडं अडायचं ते वेगळ्याच जागी. करारात होतं की महोत्सव संपल्यावर चोवीस तासांच्या आत पोस्ट लागली पाहिजे. आणि त्याच करारात हेही होतं की मजकूर आधी टाइल्सवाल्यांच्या ऑफिसातून मंजूर करून घ्यायचा. तिथल्या प्रसिद्धीच्या मॅडम एक मजकूर मंजूर करायला दोन दिवस घेत, मध्ये सुट्टी आली तर तीन. मग चोवीस तासांत कसं जमायचं? सोपं आहे. महोत्सव व्हायच्या आधीच तो कसा झाला ते लिहून टाकायचं. मजकूर आधी, महोत्सव मग, फोटो शेवटी. आठ वर्षं हेच चाललं होतं आणि कोणाच्या मनात काही आलं नव्हतं. तिच्याही नाही.

त्या वर्षी महोत्सव बुधवार ते शुक्रवार होता. मजकूर तिने आदल्या शनिवारी दुपारी लिहिला, ग्रंथालयात गर्दी नसताना.

‘तीन दिवस, बेचाळीस कार्यक्रम, आणि रिकामं व्हायला तयारच नसलेलं एक मैदान,’ अशी सुरुवात केली. टाइल्सवाले दुसऱ्या ओळीत बसवले. क्लासवाले, मोबाइलवाले, पाणीवाले ओळीने लावले. ‘लाइट आणि साउंड पार्टनर’ म्हणून मंडपाचा ठेकेदार आला. त्याने दर कमी लावला होता, म्हणून त्याचाही मान. आणि मग तिने एक ओळ स्वतःच्या मनाने घातली.

‘आणि आमचे जिराफदादा. ते वर असले की खाली आम्हाला अंधाराची भीती नसते.’

जिराफदादा म्हणजे ठेकेदाराचा लाइटवाला. उंच, सडपातळ, मानेला पुढे बाक आलेला. लोखंडी सांगाड्यावर वीस-बावीस फुटांवर जाऊन दिवे बांधायचे आणि सोडवायचे हे त्याचं काम. नाव पोरांनी ठेवलं, त्याने हसून घेतलं. दुपारी सावलीला म्हणून तो ग्रंथालयाच्या पायरीवर बसायचा आणि मजकूरबाईची थट्टा करायचा. “बाई, तुम्ही पाणीवाल्याचेसुद्धा आभार मानता. पाणी तर नळालाही येतं. आमचं नाव कधी?” दर वर्षी हेच. ती म्हणायची, “तुम्ही पैसे द्या, पहिल्या ओळीत टाकते.” तो म्हणायचा, “पैसे असते तर वर कशाला चढलो असतो?” त्या वर्षी मात्र तो थट्टेत बोलला नाही. म्हणाला, “पोरीला खरंच वाटत नाही मी इथे काम करतो. एकदा टाका की.” ते तिला लागलं. म्हणून ती ओळ.

ओळ लिहिली आणि पुन्हा वाचली तर शेवट लुळा वाटला. एकदम आमंत्रणावर उडी पडत होती. मध्ये एक वाक्य हवं होतं, वाचणाऱ्याला हलकेच खाली आणणारं. तिने लिहिलं, ‘शेवटचा दिवा उतरला, मैदान मोकळं झालं, आणि या सगळ्यात कोणाला खरचटलंसुद्धा नाही.’ हे वाक्य कोणी मागितलं नव्हतं. टाइल्सवाल्यांनी नाही, सरांनी नाही, प्राचार्यांनी नाही. कानाला बरं लागलं म्हणून तिने घातलं. त्याखाली, ‘पुढच्या वर्षी, याच आठवड्यात, याच मैदानावर. तारखा आत्ताच लिहून ठेवा. यायचं आहे.’

चार वाजून बारा मिनिटांनी तिने तो मजकूर महोत्सवाच्या ग्रुपवर टाकला. सोमवारी मॅडमचं उत्तर आलं, ‘मंजूर’. मंजूर झालेल्या मजकुरात स्वल्पविरामही हलवायचा नाही, हा नियम. शुक्रवारी संध्याकाळी तिने दहा फोटो चढवले, पोस्टला वेळ लावली, शनिवार सकाळी अकरा, आणि घरी गेली. सुट्टीच्या सकाळी अकराला लोक फोन हातात घेऊन बसलेले असतात, हे तिला आठ वर्षांत कळलं होतं.

शनिवारी ती नवाच्या सुमाराला आली. मैदानात मंच उतरवायचं काम चालू होतं. कापड निघालं होतं, सांगाडा उघडा पडला होता, आणि वर आडव्या नळीवर जिराफ बसला होता. तिला पाहून त्याने वरूनच हाक मारली.

“बाई, आलं का आमचं नाव?”

“अकराला येईल. बघा मग.”

“कुठे बघायचं? आम्हाला काय सापडतंय. पाठवा की फोनवर, बायकोलाही धाडतो.”

तिने तिथेच उभं राहून कॉलेजच्या पानाचा दुवा त्याला पाठवला, खाली लिहिलं, ‘अकरा वाजता’. नऊ बावीस. त्याच्या खिशात फोन वाजला तो तिला खाली ऐकू आला. एका हाताने नळी धरून त्याने दुसऱ्या हाताने फोन काढला, अंगठ्याने उघडला, आणि डोळे बारीक करून बघायला लागला. तिला हसू आलं. माणसाला धीर म्हणून नाही, असं मनात म्हणत ती वळली. पाच-सहा पावलं गेली असेल. मागे लोखंड वाजलं, आणि मग जो आवाज आला तो लोखंडाचा नव्हता.

ती मागे धावली ती दोन-तीन पावलंच. पुढे पाय गेले नाहीत. त्याला ठेकेदाराच्या माणसांनी घेरलं होतं. कोणीतरी म्हणालं, उचला, उचला आधी. टेम्पो मागे घेऊन त्यात त्याला ठेवलं आणि टेम्पो गेला. दहा मिनिटांनी एकाने नळाला पाइप लावून जमीन धुतली. ती तिथेच उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. शेवटी ती ग्रंथालयात जाऊन खुर्चीत बसली आणि समोरच्या फडताळाकडे बघत राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. टेबलावरचा फोन थरथरला तेव्हा तिने पाहिलं. पोस्ट लागली होती. ‘कोणाला खरचटलंसुद्धा नाही.’ खाली टाइल्सवाल्यांच्या पानावरून पहिला बदाम.

तिच्या हातात दीड तास होता. एक बोट लावलं असतं तर ती पोस्ट थांबली असती. तिला आठवलंच नाही. हे नंतर तिने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, देवाला माहीत, पण त्याने काही हलकं झालं नाही.

ती धावत सरांकडे गेली. “सर, काढायला हवी.” सर फोनवर बोलत होते, त्यांनी हाताने थांब म्हटलं, फोन ठेवला. “काढायची नाही. टाइल्सवाल्यांच्या पानावरही लागली आहे, काढली तर ते विचारतील का. आणि बाई, कॉलेजच्या हद्दीत काहीही झालेलं नाही. प्राचार्यांशी बोलणं झालंय.” ती म्हणाली, “सर, मी पाहिलंय.” सर हळू आवाजात म्हणाले, “तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात आहे ना?” एवढंच. आवाज चढला नाही, धमकी दिली नाही. समजणाऱ्याला समजतं.

चौथ्या दिवशी जिराफ गेला. शुद्धीवर आला नाही. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं, ‘घरी शिडीवरून पडला’, सांगणारा टेम्पोचालक. पोस्ट तोवर पानाच्या अगदी वर टाचून ठेवली होती. खाली लोकांच्या प्रतिक्रिया चालू होत्या, यंदा चुकलं, पुढच्या वर्षी नक्की. सातव्या दिवशी मजकूरबाईने नेहमीप्रमाणे अहवाल केला. पाहणारे अकरा हजार चारशे. तिने आकडे भरले आणि पाठवले. असा भ्याडपणा रोजच्या कामासारखाच दिसतो, बाहेरून कळतही नाही.

तीन आठवड्यांनी जिराफची बायको ग्रंथालयात आली. बारीक बाई, खांद्यावर पिशवी, तोंडावर काही नाही. ती सरळ टेबलापाशी आली आणि तिने पिशवीतून एक कागद काढून समोर ठेवला. पोस्टची छापलेली प्रत होती.

“हे तुम्ही लिहिलंत असं पोरं म्हणाली.”

“हो, वहिनी. बसा.”

ती बसली नाही. “मी भरपाईसाठी अर्ज केला, तर कामगार ऑफिसात ठेकेदाराने हाच कागद दिलाय. म्हणतो, कॉलेजने स्वतः जगाला सांगितलंय. शेवटचा दिवा उतरला, कोणाला काही झालं नाही. पोस्ट अकराची, आणि मी म्हणते ते नऊला पडले. मग खोटं कोण? मीच.” तिने बोट खाली नेलं. “म्हणे त्या दिवशी तो कामावर नव्हताच. घरी पिऊन शिडीवर चढला असेल. बाई, माझ्या घरात शिडी नाही. आणि ते पीत नव्हते. शेजारपाजारचे आता पोरीला विचारतात, बाबा प्यायचे का गं.”

बायको त्याच कागदावर एक ओळ वर बोट ठेवून म्हणाली, “आणि हे जिराफदादा म्हणजे तेच ना? पोरीने ही ओळ वहीत उतरवून घेतलीय. रोज वाचते. मला सांगा बाई, एकाच कागदावर त्यांचं कौतुक आणि त्यांच्यावर तुमची फुली. कोणतं खरं धरू?”

“पुढची तारीख कधी आहे?” मजकूरबाईने विचारलं. एवढंच सुचलं तिला.

“बुधवारी. अकराला.”

त्या संध्याकाळी तिने थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे फोनवर दुवा पाठवल्याचंसुद्धा. दोघी दोन खोल्यांत राहायच्या. बहिणीचे गुडघे गेलेले, घरात बसून लोकांचे ब्लाउज शिवायची. ती मशीन थांबवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “तू नाही बोललीस तर काय होतं?”

“तो दारुडा म्हणून गेला असं होतं.”

“आणि बोललीस तर?”

“कंत्राट जातं.”

“ते कळलं. मी दुसरं विचारतेय. त्या बाईसमोर तू काय काय बोलणार आहेस? मजकूर आधी लिहिलेला होता, हे बोलशील. ते सोपं आहे. बाकीचं?”

बहीण नेहमीच अशी, सुई नेमकी टोचायची तिथेच टोचणारी. बहिणीने दोरा दाताने तोडला. “माझ्या ब्लाउजांवर दोघींचं भागणार नाही, हे तुला माहीत आहे. मी तुला जा म्हणत नाही. जाऊ नको असंही म्हणत नाही. पण गेलीस तर अर्धं बोलून येऊ नकोस. अर्धं बोललेलं कुजतं.”

बुधवारी तिने रजेचा अर्ज टाकला, कारण लिहिलं, ‘घरगुती’. कामगार ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. अधिकारी चष्मा कपाळावर चढवून बसलेले, टेबलावर फायलींचा डोंगर, पंखा कुरकुरत फिरणारा. ठेकेदार आला नव्हता, त्याचा वकील होता. कॉलेजकडून सर आले होते. तिला दारात बघून सरांचा चेहरा उतरला, पण ते उठून तिच्या जवळ आले आणि म्हणाले, “बाई, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका.” तिने ऐकून घेतलं आणि बायकोच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

वकिलाने आधी कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचला, अगदी पहिल्यापासून. बेचाळीस कार्यक्रम, टाइल्सवाले, क्लासवाले, सगळं. त्यांच्या आवाजात तिचा मजकूर अगदी परका वाटत होता.

“हे जिराफदादा कोण?” त्यांनी विचारलं.

“माझे मालक,” बायको म्हणाली, आणि तिने त्यांचं पूर्ण नाव सांगितलं. मजकूरबाईने ते पहिल्यांदाच ऐकलं. आठ वर्षं त्या माणसाशी थट्टा केली आणि नाव विचारलं नाही, हे तिला तिथे बसून कळलं.

“साहेब, मला बोलायचंय,” ती म्हणाली. “हा मजकूर मी लिहिला. पण तो त्या दिवशीचा नाही. आठवडाभर आधीचा आहे.” तिने फोन पुढे केला. ग्रुपवरचा मजकूर, आदला शनिवार, चार वाजून बारा. खाली सोमवारचं ‘मंजूर’. शब्द न् शब्द तोच.

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली ओढला, दोन्हीकडचं ताडून पाहिलं. “म्हणजे कोणाला खरचटलं नाही हे तुम्ही महोत्सव सुरू व्हायच्या आधीच लिहिलंत?”

“हो.”

“दर वर्षी असंच?”

“दर वर्षी. प्रायोजकांना मजकूर आधी मंजूर लागतो आणि नंतर लगेच लावायचा असतो. मग आधीच लिहून ठेवतो.”

“आणि लोक ते खरं समजून वाचतात.”

“हो साहेब.”

सर खाली बघत होते. वकील मात्र जरा पुढे सरकला. शांत माणूस होता, कामात पक्का. “ठीक आहे, साहेब. आपण हा मजकूर धरायचा नाही असं समजू. मग पूर्णच सोडू. याच मजकुरात मयताचा उल्लेख आहे, तो तिथे होता म्हणून. तोही आठवडाभर आधीचा. म्हणजे शनिवारी सकाळी तो कॉलेजच्या मैदानात होता याला आता काहीही आधार उरत नाही. बाईंनीच काढून घेतला.”

अधिकाऱ्यांनी मान हलवली. ते चुकीचं नव्हतं. बायकोने वळून मजकूरबाईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता; तू मदतीला आलीस का बुडवायला आलीस, एवढंच तिला कळत नव्हतं. इथपर्यंत बोलून थांबता आलं असतं. मजकूर खोटा, एवढं सांगून मजकूरबाई मोकळी झाली असती, आणि सर नंतर म्हणाले असते, जाऊ दे, बाईंनी फार काही बिघडवलं नाही.

“मी त्यांना पाहिलंय,” ती म्हणाली.

“कधी?”

“शनिवारी. नऊ बावीसला. ते वर होते, सांगाड्यावर. कमरेला पट्टा नव्हता. आठ वर्षांत मी कधी त्यांच्या कमरेला पट्टा पाहिला नाही.” तिने फोन पुन्हा घेतला, दुसरं काहीतरी उघडलं आणि टेबलावर ठेवला. “हा मी त्यांना पाठवलेला निरोप. वेळ बघा. त्यांनी माझ्याकडे मागितला होता, वरून हाक मारून. त्यांचं नाव पोस्टमध्ये आलं का ते बघायचं होतं. मी खाली उभी राहून पाठवला. फोन वाजला. त्यांनी नळीवरचा एक हात काढला आणि फोन घेतला. मी वळले, आणि ते पडले. टेम्पोत घालताना पाहिलंय. जमीन धुतानाही पाहिलंय.”

वकिलाने लगेच लिहून घेतलं, “म्हणजे मयत काम करताना फोन हाताळत होता.” अधिकारी म्हणाले, “ते लिहा. आणि पट्टा नव्हता हेही लिहा. आणि तो मैदानात होता, हेही आता लिहावं लागेल तुम्हाला.” त्यांनी जबाबाच्या पानापानावर तिची सही घेतली. तिने आयुष्यात इतका मोठा मजकूर कधी सांगितला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही सजवलेला नव्हता. पुढची तारीख पडली. टेम्पोचालकाला बोलवायचं ठरलं, हॉस्पिटलचा कागद पुन्हा तपासायचं ठरलं. सर तिच्याकडे न बघता निघून गेले.

बाहेर जिन्यापाशी बाक होतं. दोघी तिथे बसल्या. मजकूरबाई वाट बघत होती. बायकोने तिच्या तोंडात मारली असती तरी तिने गाल पुढे केला असता. बायकोने पिशवी मांडीवर घेतली. सवयीने मजकूरबाईने फोन उघडला, तर कॉलेजचं पान बदललेलं होतं. सरांनी जिन्यावरूनच कोणाला तरी सांगितलं असावं. पोस्ट होती, पण खरचटण्याचं वाक्य गेलं होतं, आणि त्याच्या बरोबर जिराफदादांची ओळही. बाकी सगळं जागच्या जागी. टाइल्सवाले दुसऱ्या ओळीत, क्लासवाले, मोबाइलवाले, पाणीवाले, ठेकेदार. शेवटी पुढच्या वर्षीचं आमंत्रण, तारखांसकट.

तिने फोन बायकोला दाखवला. लपवून आता काय मिळवायचं होतं? बायकोने तो हातात घेतला, सावकाश वर-खाली केला, आणि परत दिला.

“पोरीच्या वहीत आहे,” ती म्हणाली.

खालून कोणीतरी फायली घेऊन वर आलं, बाजूने गेलं. मग बायकोने विचारलं, अगदी साध्या आवाजात, जेवलात का विचारावं तसं,

“फोन काढला त्यांनी असं म्हणालात ना. मग वाचलं का त्यांनी? आपलं नाव?”

मजकूरबाईला खोटं बोलता आलं असतं. चार शब्द जोडायचे, तिला काय अवघड होतं. समोरची बाई ते घेऊन घरी गेली असती, पोरीला सांगितलं असतं.

“नाही, वहिनी,” ती म्हणाली. “ते अकराला लागणार होतं. त्यांनी पान उघडलं असेल, तर तिथे मागच्या वर्षीचे आभार दिसले असतील.”

“त्यात ते नव्हते?”

“नव्हते.”

बायकोने मान हलवली. पिशवीतला कागद काढला, घडी सरळ केली, पुन्हा घातली. मग उठली आणि म्हणाली, चला, मला पोरीला शाळेतून घ्यायचंय. जिना उतरताना तिने मजकूरबाईचा दंड धरला, कारण पायऱ्या झिजलेल्या होत्या.